अकरावीत अभ्यास का सुटतो आणि तो पुन्हा कसा धरायचा

दहावीच्या वर्षी घराघरांत एक सौदा होतो. "नव्वदच्या वर आण, मोबाइल घेऊन देतो." मुलगा वर्षभर नेटाने बसतो, ९१ टक्के आणतो, मोबाइल येतो, विज्ञान शाखेला प्रवेशही होतो. त्यानंतर दिवाळी आली तरी रसायनशास्त्राचं पुस्तक कोरं करकरीत. घरचे म्हणतात, मोबाइलने वाट लावली. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि माझ्या मते मोबाइलचा दोष निम्माच. उरलेला निम्मा त्या सौद्याचा आहे. ठरलेलं काम झालं, ठरलेला मोबदला मिळाला, व्यवहार संपला, एवढंच त्या मुलाला कळलेलं असतं.

असाच एक मुलगा दिवाळीनंतर माझ्याकडे आला होता. युनिट टेस्टमध्ये रसायनशास्त्रात २५ पैकी ७. त्याच्याबरोबर आम्ही जे केलं ते क्रमाने सांगते. मुलांनी स्वतः करायच्या पायऱ्या आणि पालकांनी सांभाळायच्या गोष्टी, दोन्ही यात आहेत.

आधी हे समजून घ्या: बक्षिसाने नेमकं काय होतं

१९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं कोडं सोडवायला दिलं. सात तुकडे जोडून वेगवेगळ्या आकृत्या करायच्या, असं ते कोडं. मुलं तीन वेळा आली. दुसऱ्या वेळी एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, तिसऱ्या वेळी कुणालाच काही नाही. प्रत्येक बैठकीत मध्येच डेसी काहीतरी कारण सांगून आठ मिनिटं खोलीबाहेर जायचे. खोलीत मासिकं ठेवलेली होती. कुणी बघत नसताना कोण कोड्याशी खेळतं आणि कोण मासिक उचलतं, एवढंच मोजायचं होतं. ज्यांना पैसे मिळाले होते, ती मुलं तिसऱ्या वेळी कोड्याशी पहिल्यापेक्षा कमी वेळ खेळली. पैसे देण्यापूर्वी तेच कोडं ती नुसत्या मजेखातर सोडवत होती.

दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात स्केचपेनं नुसती ठेवून दिली. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

म्हणजे त्रास वस्तूचा नाही, "हे केलंस तर ते देईन" या अटीचा आहे. १९९९ साली डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हाही हेच चित्र आलं. या निष्कर्षावर अभ्यासकांमध्ये वाद झाले आहेत, पण त्यातला एक मुद्दा दोन्ही बाजूंना मान्य आहे आणि पालकांनी तो लक्षात ठेवावा: जिथे मुळात आवडच नव्हती, तिथे बक्षिसाने आवड मरत नाही. नावडतं प्रकरण एकदा उरकायला बक्षीस चालून जातं. प्रश्न येतो तो ते काम वर्षभर, कुणी न बघता करायचं असतं तेव्हा.

आवड शोधत बसू नका

इथे बहुतेक सल्ले थेट दुसऱ्या टोकाला उडी मारतात: बक्षीस वाईट, तर मग विषयाची गोडी लावा. गोडी लागली तर सोन्याहून पिवळं. पण अकरावीला पाच-सहा विषय असतात आणि त्या सगळ्यांची गोडी कुणालाच लागत नाही. डेसी आणि रायन यांनी मांडलेल्या स्व-निर्धारण सिद्धांतातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की बाहेरचं कारण आणि आतली आवड यांच्या मध्ये आणखी मुक्काम आहेत, आणि त्यातले दोन आपल्या कामाचे.

एका टोकाला बाहेरचा दट्ट्या: बाबा ओरडतील, बक्षीस मिळेल. त्याच्या पुढे आतली टोचणी: कुणी काही बोलत नाही, पण नाही बसलो तर अपराधी वाटतं, लाज वाटते. त्याच्या पुढे पटलेलं कारण: हे काम मजेचं नाही, पण मला जे हवं आहे त्याच्यासाठी ते लागतं आणि हे मलाच मान्य आहे. आणि शेवटी निव्वळ आवड.

२०२१ साली जोशुआ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी दोन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून या चारांची तुलना केली. आवडीचं नातं यशाशी आणि मनाच्या स्वास्थ्याशी दिसलं. पण चिकाटीशी, म्हणजे टिकून राहण्याशी, सगळ्यात घट्ट नातं निघालं ते पटलेल्या कारणाचं. टोचणीनेही मुलं टिकतात, पण सोबत ताण आणि चिंता येते. बाहेरच्या दट्ट्याचा ना कामगिरीशी संबंध दिसला, ना चिकाटीशी. अशा अभ्यासांतून संबंध कळतो, कशामुळे काय झालं हे सिद्ध होतंच असं नाही. तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे. नावडत्या विषयात आपल्याला गाठायचं ठिकाण म्हणजे पटलेलं कारण.

पहिली पायरी: सात दिवसांची नोंद

वहीच्या मागच्या पानावर, दर वेळी अभ्यासाला बसताना, एक ओळ लिहायची: आत्ता का बसलो? खरं ते लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. आठवड्याने प्रत्येक ओळीपुढे वरच्या चारांपैकी एक खूण करायची.

माझ्या विद्यार्थ्याने सात दिवसांत नऊ ओळी लिहिल्या. "बाबा घरी आले." "उद्या टेस्ट." "आईने मोबाइल काढून घेतला." "दोन दिवस काही केलं नाही, कसंतरी वाटलं." "काकांचा मुलगा ९५वाला." अशा. चार ओळी दट्ट्याच्या, चार टोचणीच्या आणि एकच वेगळी: "परवाचं गणित का चुकलं ते बघायला."

टोचणी आणि पटलेलं कारण यांत फरक करणं अवघड जातं, कारण बाहेरून दोन्ही मुलं सारखीच कष्टाळू दिसतात. रायन आणि जेम्स कॉनेल यांनी १९८९ साली शाळकरी मुलांना गृहपाठ का करता असं विचारलं, तेव्हा पालकांच्या नजरेत दोन्ही प्रकारची मुलं मेहनतीच होती. पण टोचणीवर चालणारी मुलं जास्त चिंताग्रस्त होती आणि अपयश आलं की जास्त कोलमडत होती. म्हणून ओळखायची माझी रीत अशी: एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघा. पटलेल्या कारणाने बसणारा दुसऱ्या दिवशी जिथून सोडलं तिथून सुरू करतो. टोचणीवाल्याला वही उघडणंच जड जातं, कारण वही म्हणजे कालच्या चुकीची आठवण. मग तो तिसरा दिवसही बुडवतो. तपासलेला पेपर हातात आल्यावर एक जण चुका बघतो, दुसरा पेपर दप्तराच्या तळाशी घालतो.

दुसरी पायरी: जुना सौदा सोडवा, पण एका झटक्यात नको

पालकांना बक्षिसाचं कळलं की ते दुसऱ्या दिवशी सगळं बंद करतात. ते करू नका. मुलाला ती शिक्षाच वाटते, आणि ज्या दट्ट्यावर अभ्यास उभा होता तो काढल्यावर खाली काहीच उरत नाही. चालू सौदा असेल तर तो पाळा, नवीन करू नका. एवढंच.

त्यानंतर चांगलं काही झालं तर आनंद जरूर साजरा करा, पण आधी जाहीर न करता. आणि तोंडी दाद देताना त्यात माहिती असू द्या. "शाब्बास, असाच हवास तू मला" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी त्यात एक दोरी आहे. "समीकरण आधी संतुलित केलंस म्हणून पुढचं बरोबर आलं" यात दोरी नाही. काय केल्याने जमलं ते त्यात मुलाला कळतं.

तिसरी पायरी: पटणारं कारण शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि इथेच सगळे घाई करतात.

१९९४ साली डेसी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक कंटाळवाणं काम निवडलं: संगणकाच्या पडद्यावर दिवा चमकला की बटण दाबायचं. कंटाळवाणं काम माणूस आपलंसं कधी करतो, ते त्यांना बघायचं होतं. तीन गोष्टींचा उपयोग झाला: कामामागचं खरं कारण सांगणं, काम कंटाळवाणं आहे हे कबूल करणं, आणि बोलण्यात जबरदस्ती नसणं. या गोष्टी जितक्या कमी, तितकं काम परकं राहिलं. त्यातही जे लोक ते करत राहिले, ते टोचणीपोटी.

घरी यातली दुसरी गोष्ट हमखास गळते. "कंटाळा येतो" असं मुलगा म्हणाला की आपण म्हणतो, "कंटाळा कसला? आमच्या वेळी दिव्याखाली बसायचो." त्याऐवजी "हो, मोलची गणितं कंटाळवाणीच आहेत" एवढं म्हणून बघा. वाद तिथेच थांबतो.

आता कारण. "आयुष्यात पुढे उपयोगी पडेल" हे कारण नव्हे, ते कुठल्याही विषयाला चिकटतं. कारण त्या मुलाच्या स्वतःच्या इच्छेपासून सुरू झालं पाहिजे. या मुलाच्या मामांचं औषधांचं दुकान आहे, सुट्टीत तो तिथे बसतो, आणि फार्मसी करावी असं त्याच्या मनात होतं. मी त्याला दुकानातून सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचून यायला सांगितलं. लेबलवर ०.९ टक्के होतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमध्ये ९ ग्रॅम. मोल हे रसायनशास्त्रात कण मोजायचं एकक, आणि मिठाच्या एका मोलचं वस्तुमान ५८.५ ग्रॅम. नऊला त्याने भागलं की ०.१५४ मोल, म्हणजेच १५४ मिलिमोल. लेबलवर सोडियमपुढे लिटरमागे १५४ असाच आकडा छापलेला असतो, फक्त एककाचं नाव वेगळं. वर्गात तीन तास ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्याच्या मामांच्या फळीवर पडून होतं.

"मॅडम, म्हणजे हे कुणीतरी खरंच मोजतं?" असं त्याने विचारलं. या मुलाला मोलची गणितं त्यानंतरही आवडली नाहीत. पण ती कशासाठी आहेत हे त्याला दिसलं. पुढची साखळी मग आम्ही कागदावर काढली: हे प्रकरण कच्चं राहिलं तर बारावीत द्रावणं आणि विद्युत-रसायनशास्त्र अडणार, ते अडलं तर सीईटी अडणार, आणि फार्मसीचा प्रवेश तिथूनच जातो. यात सीईटी हे बाहेरचं कारण आहे हे खरं. पण आपल्याला हव्या असलेल्या ठिकाणाच्या वाटेवरचं बाहेरचं कारण माणूस आपलं म्हणून स्वीकारतो.

इच्छाच सापडत नसेल तर? सोळाव्या वर्षी पुष्कळांना सापडत नाही. तेव्हा खोटं स्वप्न चिकटवू नका. "अजून ठरलेलं नाही, म्हणून दारं उघडी ठेवायची आहेत" हेही प्रामाणिक कारण आहे आणि कित्येकांना ते पुरतं. कारण पटलं की नाही हे तपासायला ते मुलाला त्याच्या शब्दांत एका वाक्यात लिहायला सांगा. तुमचंच वाक्य परत आलं तर पटलेलं नाही.

चौथी पायरी: जमतंय हे दिसू द्या

कारण पटलं तरी जमत नसेल तर दोन आठवड्यांत सगळं गळून पडतं. स्व-निर्धारण सिद्धांतात माणसाच्या तीन मूळ गरजा मानल्या आहेत: स्वायत्तता, म्हणजे आपण स्वतः ठरवतोय ही जाणीव, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. त्यातली दुसरी इथे लागते.

रोज चाळीस मिनिटं, दहा गणितं, आणि प्रत्येक गणित झालं की लगेच उत्तर ताडून बघायचं. शेवटी एकदम नाही. चुकलेल्या गणितापुढे चुकीचं नाव लिहायचं. आमच्याकडे तीनच नावं होती: "ग्रॅमचे मोल केले नाहीत", "समीकरण संतुलित नव्हतं", "आकडेमोड". पहिल्या दिवशी दहापैकी चार बरोबर आली, आणि सहा चुकांपैकी चार पहिल्या प्रकारच्या निघाल्या. "मला रसायनशास्त्र येत नाही" याचं "मी ग्रॅमचे मोल करायला विसरतो" असं झालं, आणि हे दुसरं दुरुस्त करता येतं. पुढचे चार दिवस आम्ही फक्त तेवढंच केलं. नवव्या दिवशी दहापैकी सात आली.

गणितांची काठिण्यपातळी ठरवायला माझा अंदाज असा: दहापैकी पाचपेक्षा कमी येत असतील तर एक पायरी खाली या, सलग दोन दिवस दहाच्या दहा आली तर वर जा. आणि या काळात दुसऱ्यांच्या गुणांशी तुलना नको. तुलनेतून चूक कुठे झाली ते कळत नाही, आपण कितवे आहोत एवढंच कळतं.

पाचवी पायरी: कुंपण पक्कं, आतली जागा मोकळी

स्वायत्तता म्हणजे मनाला येईल तसं वागू देणं, असा गैरसमज फार आहे. अभ्यास करायचा की नाही हा प्रश्न आम्ही खुला ठेवला नव्हता. पण सकाळी की रात्री, बारा गणितांपैकी कोणती दहा, घरी की अभ्यासिकेत, हे सगळं तो ठरवायचा. एरिका पॅटल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हायस्कूलच्या मुलांना गृहपाठाच्या दोन पर्यायांतून एक निवडू दिला, तेव्हा त्यांची गोडी वाढलीच, शिवाय घटक चाचणीतही ती मुलं थोडी पुढे राहिली.

निवड खरी असावी. "आत्ता बसतोस की जेवल्यावर?" असं विचारून मुलगा जेवल्यावर म्हणाला की तोंड वाकडं करायचं, याला निवड म्हणत नाहीत. मुलांना हे लगेच कळतं.

सहावी पायरी: घरातला प्रश्न बदला

वेंडी ग्रोलनिक आणि रायन यांनी १९८७ साली पाचवीच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींना सांगितलं, यावर परीक्षा घेऊन गुण देणार. त्या मुलांनी घोकलेलं तेव्हा छान सांगितलं, पण आठवड्याभराने त्यातलं पुष्कळ विसरली. आशय समजण्यात तर दडपण नसलेली मुलं त्यांच्या पुढे होती.

रोज संध्याकाळी "किती झालं?" असं विचारणं म्हणजे रोज ती परीक्षा घेणं. या मुलाच्या आईला मी म्हटलं, "ताई, पंधरा दिवस फक्त एकच विचारा: आज काय अडलं?" त्यांना विज्ञान येत नव्हतं, आणि तेच उपयोगी पडलं. चौथ्या दिवशी तो त्यांना स्वयंपाकघरात मोल म्हणजे काय ते साखरेचे चमचे मोजून समजावत होता. "अगं आई, डझन म्हणजे बारा, तसाच मोल. आकडा तेवढा प्रचंड मोठा."

चार आठवड्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या पायरीची सात दिवसांची नोंद पुन्हा करा. मार्कांपेक्षा या ओळी आधी हलतात. त्याच्या दुसऱ्या नोंदीत बारा ओळी होत्या: तीन दट्ट्याच्या, तीन टोचणीच्या, सहा पटलेल्या कारणाच्या. आवडीची एकही नाही, आणि त्याने काही बिघडलं नाही. पुढच्या टेस्टमध्ये २५ पैकी १४ आले.

काहीच हललं नसेल तर कुठली पायरी कच्ची आहे ते बघा. कारण सांगता येतं पण वही उघडत नाही, तर बहुधा गणितं अवघड पडताहेत, चौथीकडे जा. गणितं जमतात पण सांगितल्याशिवाय बसत नाही, तर कारण त्याचं नाही, तिसरीकडे जा. आणि अभ्यासच नव्हे तर खेळ, मित्र, जेवण, सगळ्यांतूनच मन उडालं असेल, झोप बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर यातली कुठलीही पायरी लावू नका. ते डॉक्टरांना दाखवा.

फेब्रुवारीत त्याच्या घरी लग्न होतं आणि नऊ दिवस वही बंद राहिली. दहाव्या दिवशी त्याचा मेसेज आला: "मॅडम, सीमित अभिकारकाच्या तिसऱ्या गणितावर थांबलो होतो, तिथूनच धरलंय. चौथ्यात अडलोय." सोबत पानाचा फोटो होता, आणि चुकीपुढे त्यानेच नाव लिहिलं होतं: समीकरण संतुलित नव्हतं.